जयंतीची तारीख आणि जन्माची नोंद : दोन्ही वेगळ्या का निघतात?

इंदापूर तालुक्यातील कळंबला आम्ही तरुणांचा एक अभ्यासवर्ग घेतो. वर्षाच्या सुरुवातीला तिथे वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी करायला बसलो की एक वाद हमखास निघतो. शिवजयंती १९ फेब्रुवारीला हे ठरलेले असते, पण तालुक्यात मार्चमध्ये पुन्हा भगवे झेंडे लागतात, मिरवणुका निघतात. मग कुणीतरी म्हणतो, "तिथीची जयंती आपली नाहीच, ती मुद्दाम गोंधळ घालायला काढलेली आहे." दुसरा विचारतो, "मग बुद्धजयंती आपण तारखेने का करत नाही?" या प्रश्नाला वर्गात बराच वेळ कुणी उत्तर दिले नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात बदलापूरपासून करू. महाडच्या सत्याग्रहाला दीड महिनाही झाला नव्हता. ३ मे १९२७ रोजी बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही नोंद आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असते, पण तारखेकडे लक्ष जात नाही. शिवजयंती मे महिन्यात कशी? १९२७ चे पंचांग उघडले तर १ मे रोजी अमावास्या दिसते, म्हणजे ३ मे ही वैशाख शुद्ध द्वितीया. तेव्हा सगळा महाराष्ट्र याच तिथीला शिवजयंती करत असे. शिवाय शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानला जात होता, म्हणून त्या वर्षी ठिकठिकाणी त्रिशताब्दी साजरी झाली. मुंबईत त्याच ३ मे रोजी त्रिशताब्दीचा समारंभ झाला आणि इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेला स्मरणग्रंथ निघाला. बाबासाहेब गेले ते या उत्सवाला. आज आपण जी तारीख पाळतो तिच्याशी तिचा ना महिना जुळतो, ना तिथी, ना साल.

वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी येते ती मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून. ही बखर १८१० च्या सुमारास लिहिली गेली. महाराजांचे निधन १६८० चे, म्हणजे मध्ये १३० वर्षे गेली. बखरकाराने जुन्या कागदांचा आधार घेतला असेलही, पण जन्मतिथीसाठी त्याच्यापुढे नेमके काय होते ते बखरीतून कळत नाही. पुढे मराठी आणि इंग्रजी चरित्रे निघाली, त्यांतल्या बहुतेकांनी हेच साल उचलले. एकच विधान दहा पुस्तकांत छापून आले की त्याला दहा पुरावे आहेत असे वाटू लागते. प्रत्यक्षात तो एकच पुरावा असतो, नऊ वेळा उतरवून घेतलेला. आजही जयंत्यांच्या बाबतीत सर्वात जास्त चुका इथेच होतात, फक्त बखरीची जागा मोबाईलवरच्या संदेशांनी घेतली आहे.

दुसरा पुरावा पुढे आला १९१६ साली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुख घराण्याकडे एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षवार टिपणांची यादी: अमुक शकात, अमुक तिथीला काय घडले ते एकेका ओळीत. जेधे घराणे महाराजांच्या जवळचे, त्यामुळे या टिपणांना वजन होते. शकावलीत जन्म दिला आहे तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ही शकावली प्रसिद्ध केली लोकमान्य टिळकांनी.

हे मुद्दाम ठळकपणे सांगतो. आपल्या चळवळीत तारखेचा घोळ दिसला की "कुणीतरी मुद्दाम केले" असे म्हणायची सवय आहे आणि कित्येक ठिकाणी ते खरेही असते. पण इथे जुन्या तिथीला धक्का देणारा कागद छापला तो त्याच माणसाने, ज्याने जुन्या तिथीवर उत्सव उभा केला होता. शिवजयंतीची सुरुवात कोणाची, महात्मा फुल्यांची की टिळकांची, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मला पुष्कळ बोलायचे आहे. तारखेच्या वादात मात्र कटाचा सिद्धांत टिकत नाही. इथे उशिराची बखर एकीकडे आणि जवळच्या काळातली टिपणे दुसरीकडे, असा पुराव्यांचा साधा झगडा होता.

एकट्या शकावलीवर विसंबून चालले नसते, कारण आपल्या हाती आलेली तिची प्रत ही नक्कल आहे आणि नक्कल करताना आकडा चुकू शकतो. १५४९ चे १५५१ झाले नसेल कशावरून? म्हणून संशोधकांनी पाहिले की, शकावलीशी संबंध नसलेला एखादा कागद हीच तिथी सांगतो का. असे दोन मिळाले. कवींद्र परमानंद हा महाराजांच्याच पदरचा कवी. त्याचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरला सापडले आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली, म्हणजे त्रिशताब्दीच्याच वर्षी, छापले. त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथी आहे. दुसरा कागद राजस्थानातला. जोधपूरच्या एका जुन्या संग्रहात राजेरजवाड्यांच्या जन्मपत्रिका होत्या. त्यात शिवाजी महाराजांची पत्रिका निघाली आणि तीही १६३० चीच. आपला पत्रिकेवर विश्वास नाही. पण इथे पत्रिका भविष्यासाठी वाचायची नाही. जन्मवेळेची ती एक नोंद आहे आणि महाराष्ट्राबाहेर, वेगळ्या हाताने झालेली आहे. कारीचे देशमुख, तंजावरचे हस्तलिखित आणि जोधपूरचा संग्रह यांनी एकमेकांची नक्कल केली असण्याची शक्यता फार थोडी. म्हणून १६३० चे पारडे जड झाले.

तीन वर्षांचा फरक किरकोळ वाटेल, पण चरित्रातली सगळी वये त्याने सरकतात. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराज ४४ वर्षांचे होते की ४७ वर्षांचे, आणि ३ एप्रिल १६८० रोजी पन्नाशी नुकती उलटली होती की ५३ वे वर्ष पुरे होत आले होते, हे यावर ठरते.

एवढे झाले तरी उत्सव लगेच बदलला नाही. लोकांची गोळा होण्याची सवय कागदापेक्षा हळू बदलते. राज्य शासनाने १९६६ साली इतिहासकारांची समिती नेमली, पण तिच्यात एकमत झाले नाही आणि जुनीच तिथी पुढे चालू राहिली. शेवटी या शतकाच्या सुरुवातीला शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. म्हणजे पुरावा छापून येण्यापासून सुट्टी बदलण्यापर्यंत ऐंशीहून जास्त वर्षे गेली. आपल्या आजोबांच्या पिढीने जी शिवजयंती केली ती वैशाखातली होती. त्यांना कुणी फसवले नव्हते.

आता दुसरा गुंता. शकावलीत तर फेब्रुवारी हा शब्दच नाही. फाल्गुन वद्य तृतीयेची १९ फेब्रुवारी झाली कशी?

शालिवाहन शकाचे इसवी साल काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तो फेब्रुवारी-मार्चात येतो. म्हणून १५५१ मध्ये ७९ मिळवले की १६३० मिळते. चिटणिसांचा वैशाख हा वर्षाचा दुसरा महिना, म्हणून १५४९ मध्ये ७८ मिळवून १६२७. इथे ७८ आणि ७९ यांची अदलाबदल झाली की एक वर्ष हमखास चुकते. जुन्या पुस्तकांत एखाद्याचे जन्मसाल एका वर्षाने पुढे-मागे दिसले तर आधी महिना कोणता आहे ते पाहावे.

पुढे दिवस. पंचांगाचे गणित मागे नेले की ती फाल्गुन वद्य तृतीया त्या काळच्या जुन्या युरोपीय, म्हणजे ज्युलियन, कॅलेंडरप्रमाणे १९ फेब्रुवारीला पडते. आपण आज वापरतो ते कॅलेंडर ग्रेगोरियन. ते १५८२ साली सुरू झाले असले तरी इंग्रजांनी ते स्वीकारले १७५२ मध्ये. सुरत आणि राजापूरच्या इंग्रज वखारींची पत्रे जुन्या कॅलेंडरात लिहिलेली आहेत आणि शिवकालीन इतिहासाच्या अभ्यासात तीच पद्धत रूढ झाली. १६३० मध्ये दोन्ही कॅलेंडरांत दहा दिवसांचा फरक होता. म्हणून आजच्या कॅलेंडराच्या हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० येतो.

हे तपासायला पंचांगशास्त्री लागत नाही. ग्रेगोरियन कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसेच्या तसे फिरून येते. म्हणजे १६३० चे वार आणि २०३० चे वार एकच. मोबाईलमध्ये १ मार्च २०३० काढून पाहा, शुक्रवार दिसेल. शकावलीतही शुक्रवारच आहे. तिथीबरोबर वार लिहिलेला असेल तर तो असा कामी येतो. आकडा चुकला तर वार जुळत नाही, आणि जुळला तरी योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक राहते, हेही लक्षात ठेवावे. म्हणून वार जुळणे ही पहिली चाळणी झाली, तेवढ्याने तारीख सिद्ध होत नाही.

म्हणजे १९ फेब्रुवारी ही पक्की जन्मतारीख धरली तरी आपण ती पाळतो वेगळ्या कॅलेंडरात. आकडा जुना, कॅलेंडर नवे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या बाबतीत उलट केले. त्याचा जन्म ज्युलियन ११ फेब्रुवारीचा, पण इंग्रजांनी कॅलेंडर बदलल्यावर तारीखही अकरा दिवस पुढे नेऊन २२ फेब्रुवारी केली. दोन्ही रीती चालतात, फक्त आपण कोणती वापरतो ते माहीत असावे.

मग तिथीवाल्यांचे काय? त्यांची फाल्गुन वद्य तृतीया २०२४ मध्ये २८ मार्चला आली, २०२५ मध्ये १७ मार्चला आणि २०२६ मध्ये ६ मार्चला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तिथी दर वर्षी ११ दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी घेते. त्यात ग्रेगोरियनचे दहा दिवस आहेतच. शिवाय आपले पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने वर्ष मोजते, त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने ते इंग्रजी कॅलेंडराच्या पुढे सरकत राहते. १६३० पासून हे पाच-साडेपाच दिवस झाले. सगळे मिळून हल्ली ही तिथी मार्चातच येते, १९ फेब्रुवारीला येऊच शकत नाही.

इथे माझे मत सांगतो. मार्चातली तिथी ही इतिहास म्हणून खोटी नाही, ती त्याच शकावलीतली तिथी आहे. शासनाने तारीख ठरवल्यावरही वेगळा दिवस काढून वेगळा मेळावा भरवण्यामागे राजकारण आहे, ते मी नाकारत नाही. पण विरोध करायचा तर त्या राजकारणाला करावा. "तिथी मुळात चूक" असे म्हणून केला तर समोरचा शकावलीच उघडून दाखवील आणि आपला कार्यकर्ता गप्प बसेल.

आणि आपणही तिथी पाळतोच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. दीक्षाभूमीवर मोठा जनसागर लोटतो तो विजयादशमीला. २०२४ मध्ये ती १२ ऑक्टोबरला होती आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. कित्येक विहारांत १४ ऑक्टोबरलाही वंदना होते. एकाच घटनेचे दोन स्मरणदिन आपल्याकडे गुण्यागोविंदाने नांदतात. घटना आपल्या डोळ्यांसमोरची, तारीख आणि तिथी दोन्ही नोंदलेल्या, म्हणून कुणी एकाला खोटे म्हणत नाही.

तथागतांच्या जयंतीचेही तसेच. वैशाख पौर्णिमा म्हटले की ती चंद्राबरोबर एप्रिल-मे मध्ये हलणार. थेरवाद परंपरेत जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण तिन्ही याच पौर्णिमेला मानतात. चीन आणि कोरियाकडे जन्म चौथ्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवशी पाळला जातो. जपाननेही तीच रीत पाळली होती, पण १८७३ मध्ये तिथे ग्रेगोरियन कॅलेंडर आले आणि 'चौथ्या महिन्याचा आठवा दिवस' हा आकडा तसाच ठेवून ८ एप्रिल हा बुद्धजन्माचा दिवस झाला. आपल्या १९ फेब्रुवारीचा प्रकार तो हाच. तथागतांच्या समकालीन जन्मनोंदी मिळणे शक्य नाही. सालाबद्दलही परंपरा आणि संशोधक यांच्यात अंतर आहे. १९५६ मध्ये जगभर २५०० वे वर्ष पाळले गेले ते थेरवाद परंपरेच्या गणनेने, तर आधुनिक संशोधक महापरिनिर्वाण त्याहून साठ वर्षे किंवा आणखी अलीकडे आणतात. पौर्णिमेला विहारात येणाऱ्याला याने काही अडत नाही. पण लेखात साल लिहिताना कोणती गणना घेतली ते लिहावे.

शाहू महाराजांचे उदाहरण थोडक्यात. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेने त्यांचा जन्मदिवस सणासारखा पाळावा असा ठराव केला होता. जुन्या चरित्रांत आणि कार्यक्रमांत तो दिवस २६ जुलै होता. आता २६ जून मान्य आहे आणि तोच सामाजिक न्याय दिन. दिवस आणि साल तेच, फक्त महिना वेगळा. जुने पुस्तक वाचून कुणी जुलै म्हटले तर त्याला हसू नये.

खरे तर आमच्या वर्गात हा सगळा विषय निघाला तो एका जवळच्या माणसावरून. आमच्या भागातल्या चळवळीत आयुष्य घातलेले एक आजोबा वारले. त्यांची पहिली जयंती करायची ठरली. मुलांनी शाळेचा दाखला आणला, त्यावर १ जून १९४२. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "चले जावच्या साली, नागपंचमीला झाला तो. मी झोक्यावर होते, मला हाक मारून आणलं."

१ जून दिसला की थांबावे. आपल्याकडे जुन्या पिढीत या तारखेला जन्मलेले लोक इतके आहेत की तेवढी बाळंतपणे एका दिवसात होणे शक्य नाही. कारण शाळेत आहे. शाळा जूनमध्ये भरायची आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण लागायची. बाप मुलाला हाताला धरून आणायचा, जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी वयात बसेल अशी तारीख घालायचे. या आजोबांचेच पाहा. नागपंचमीचा जन्म म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, १९४२ मध्ये ती ऑगस्टच्या मध्यावर होती. जून १९४८ मध्ये त्यांना सहा पुरे व्हायला अडीच महिने कमी पडत होते. दाखल्यावर १ जून १९४२ घातले की बरोबर सहा पुरे. गुरुजींनी मुलाचे वर्ष वाचवले, तारीख मात्र गेली. पुढे नोकरी, मतदारयादी, आधार, सगळीकडे हाच १ जून गेला. म्हणजे कागद पाच, पुरावा एकच. बखरीचीच गोष्ट ही. सरदार पटेलांची ३१ ऑक्टोबर ही तारीखही त्यांनी मॅट्रिकच्या वेळी स्वतःच अंदाजाने लिहिली होती.

आत्याबाईंच्या आठवणीला आधार शोधायचा तर शाळेच्या आधीची नोंद हवी. ती गाव नमुना १४ मध्ये मिळू शकते, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची नक्कल मागता येते. अडचणी दोन. फार जुनी पाने मोडीत असतात, ती वाचणारा शोधावा लागतो. आणि मुलाचे नाव बहुधा नसते, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढ्यावरून ओळखायचे. त्याच बापाची आधीची आणि नंतरची मुले कोणत्या साली नोंदली आहेत ते लावून पाहिले तर गडी कितवा ते कळते. नोंदीची तारीख जन्मानंतर चार-आठ दिवसांची असू शकते. म्हणून तिथी आणि नोंद यात आठवड्याचा फरक आला तर आठवण खोटी ठरत नाही. महिन्यांचा आला तर पुन्हा विचारावे लागेल.

आम्ही अर्ज केला आहे, नक्कल अजून हाती यायची आहे. तोवर विहाराच्या फलकावर मुलांनी लिहिले : "जन्म : नागपंचमी, १९४२ (थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून). शाळेच्या दाखल्यावर : १ जून १९४२." आत्याबाईंना फलक वाचून दाखवला. त्यांनी विचारले, "माझं नाव का नाही घातलं?" ते आता घालणार आहोत.